लस, रक्तदान आणि दुसऱ्या दिवशीचं डोकं : प्रस्तावना

डोकेदुखीवरचे वैद्यकीय ग्रंथ जाडजूड असतात. अर्धशिशीला त्यात मोठं दालन असतं, मेंदूतल्या गाठींना आणि रक्तस्रावाला त्याहून गंभीर चेहऱ्याचं. लस टोचून घेतल्यावर किंवा रक्त दिल्यावर जे डोकं जड होतं, त्याच्या वाट्याला मात्र एखादा परिच्छेद येतो. हे दुखणं एक-दोन दिवसांत आपण होऊन जातं आणि जे आपण होऊन जातं, ते दवाखान्याच्या दारापर्यंत पोचत नाही. त्यामुळे त्याच्या नोंदी कमी आणि त्याबद्दलचे तर्क भरपूर. पनवेलमध्ये गणेशोत्सवातल्या मंडपात, खारघर-कामोठ्याच्या सोसायट्यांमध्ये, तळोज्याच्या एखाद्या कारखान्याच्या कँटीनमध्ये रक्तदान शिबिर लागलं की टेबलाशी बसलेल्या कार्यकर्त्याला हा प्रश्न हमखास येतो: 'काल रक्त दिलं, आज डोकं ठणकतंय, काही झालं नाही ना?' लसीकरणाच्या दिवशी हाच प्रश्न आशाताईंना येतो. उत्तर बहुतेक वेळा 'काही नाही, होतं असं' एवढंच असतं. ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. पण कोणत्या वेळी ते चुकीचं ठरेल, हे सांगता आलं तरच त्या उत्तराला काही वजन आहे.

या विषयात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या वाचकाला, मग तो शिबिरातला कार्यकर्ता असो, नर्सिंगची विद्यार्थिनी असो की नुसता दुखऱ्या डोक्याचा धनी असो, मी एकच सवय लावून घ्यायला सांगेन. डोकं किती दुखतंय हे नंतर विचारा. आधी विचारा, ते कधी सुरू झालं. लशीनंतर किती तासांनी, रक्त दिल्यावर किती वेळाने, आणि तेव्हापासून ते उतरतंय की चढतंय. दुखण्याची तीव्रता माणसागणिक बदलते आणि एकाच माणसाची मूडगणिक बदलते. सुरुवातीची वेळ मात्र बऱ्यापैकी विश्वासू साक्षीदार आहे. पुढचं सगळं विवेचन या घड्याळाभोवतीच आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट असलेली बरी. खुद्द मेंदूला दुखत नाही. मेंदूच्या पेशीजालात वेदना ओळखणारे मज्जातंतू नसतात. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणं, त्यांतल्या रक्तवाहिन्या आणि डोक्या-मानेचे स्नायू. कपाळापासून जबड्यापर्यंत पसरलेली त्रिशाखी चेता, म्हणजे ट्रायजेमिनल नर्व्ह, या आवरणांपर्यंत पोचलेली असते. रक्तातून फिरणारं एखादं रसायन तिला हळवी करू शकतं, रक्तवाहिन्यांचा ताण बदलला तर तीही गोष्ट तिला कळते. लस आणि रक्तदान हे दोन्ही प्रकार या चेतेला चाळवतात, पण अगदी वेगळ्या वाटांनी. म्हणून त्यांचं वेळापत्रकही वेगळं असतं.

आधी लस घेऊ. दंडात सुई गेली की त्या जागी पहाऱ्यावर असलेल्या पेशी लशीतला परका पदार्थ ओळखतात आणि इतरांना बोलावण्यासाठी काही संदेशक प्रथिनं सोडतात. इंटरल्यूकिन आणि इंटरफेरॉन ही त्यांतली नावं वाचकाच्या कानावरून गेलेली असतील. ही प्रथिनं रक्तातून मेंदूच्या उंबऱ्यापर्यंत पोचली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं. ते शरीराचं तापमान थोडं वर सरकवतं, अंगात कणकण भरवतं आणि आवरणांतल्या चेतातंतूंना हळवं करतं. साध्या फ्लूमध्ये डोकं दुखतं तेही याच वाटेनं. फरक एवढाच की इथे वाढणारा विषाणू नाही, त्यामुळे ही हाकाटी थोड्या वेळात आपोआप शमते. या सगळ्या साखळीला काही तास लागतात. सुई टोचल्यावर पाच मिनिटांत डोकं दुखलं तर ते या रसायनांचं काम असू शकत नाही. ते भीतीचं, रांगेत उन्हात उभं राहिल्याचं किंवा उपाशीपोटी आल्याचं असण्याची शक्यता जास्त. रसायनांचं दुखणं सकाळी लस घेतली तर साधारण रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू होतं, दुसरा दिवस खातं आणि तिसऱ्या दिवशी ओसरलेलं असतं. डोकं दोन्ही बाजूंनी जड वाटतं, कपाळावर जास्त, आणि सोबत दंड दुखणं, अंग मोडून येणं, थोडा ताप हे सोबती असतात. ज्यांना मुळात अर्धशिशीचा त्रास आहे त्यांना या निमित्ताने अर्धशिशीचा झटका येऊ शकतो आणि त्यांचं डोकं इतरांपेक्षा जास्त वेळ दुखू शकतं.

या विषयाचं सर्वांत मोठं, सर्वांच्या आठवणीतलं उदाहरण म्हणजे कोविडची लस. आपल्या देशात 16 जानेवारी 2021 रोजी लसीकरण सुरू झालं आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक लोकांच्या दंडात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड गेली. ऑक्सफर्ड आणि अ‍ॅस्ट्राझेनेका यांनी तयार केलेल्या याच लशीच्या चाचण्यांमध्ये निम्म्याहून अधिक लोकांनी डोकेदुखीची तक्रार नोंदवली होती. म्हणजे पनवेलच्या एखाद्या घरात चौघांनी लस घेतली आणि दोघांचं डोकं दुखलं, तर त्यात नवल काहीच नव्हतं. तरी त्या महिन्यांत प्रत्येक डोकेदुखीची चर्चा झाली, ती स्वाभाविकच होती.

इथे एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे डॉक्टरमंडळीही अवघडून पाहतात. कोविड लशींच्या अनेक चाचण्यांत काही लोकांना लशीऐवजी नुसतं मिठाचं पाणी किंवा तत्सम निरुपद्रवी द्रव टोचला होता, आणि कुणाला काय मिळालं हे त्यांना माहीत नव्हतं. 2022 मध्ये अशा बारा चाचण्या एकत्र करून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की पहिल्या डोसनंतर, लस न मिळालेल्यांपैकीही जवळपास पाचातल्या एकाचं डोकं दुखलं. यावरून 'म्हणजे सगळं मनाचे खेळ' असा निष्कर्ष काढणं उथळ आहे. डोकं ही अशी जागा आहे की कोणत्याही आठवड्यात अनेकांची ती दुखतेच. त्यात 'आज दुखेल' अशी अपेक्षा असली की एरवी दुर्लक्षित राहिलं असतं ते जाणवतं. वेदना खरीच असते, तिचं कारण मात्र लस असेलच असं नाही. शिबिरातल्या कार्यकर्त्याने यातून एवढं घ्यावं: 'उद्या डोकं दुखणारच' असं ठासून सांगू नये, 'दुखलं तर दोन दिवसांत जाईल' असं सांगावं. दोन्ही वाक्यांत माहिती तीच आहे, पण परिणाम वेगळा होतो.

औषधाबद्दल थोडक्यात. ज्यांना ते चालतं अशा प्रौढांनी दुखायला लागल्यावर पॅरासिटामॉलची 500 किंवा 650 मिलिग्रॅमची गोळी घ्यायला हरकत नाही. दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर असावं आणि सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, हे विसरू नये. यकृताचा आजार असलेल्यांनी किंवा रोज दारू घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दुखण्याआधीच, लस घ्यायला निघतानाच गोळी गिळून जाण्याची पद्धत मात्र चांगली नाही. 2009 मध्ये लहान बाळांवरच्या एका अभ्यासात, लशीबरोबर आधीच पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांत काही लशींची प्रतिपिंडं कमी तयार झालेली आढळली. प्रौढांमध्ये तसाच तोटा होतो असं यावरून सिद्ध होत नाही, पण दुखण्याआधी औषध घेण्याचा फारसा फायदाही नसतो.

आता घड्याळाचा अपवाद. वर सांगितलेलं दोन-तीन दिवसांचं गणित निष्क्रिय, प्रथिनाधारित किंवा कोविशील्डसारख्या, अंगात न वाढणाऱ्या लशींना लागू पडतं. ज्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो ती अंगात थोडी वाढते आणि तिचा परिणाम उशिरा दिसतो. पीतज्वराची लस हे त्याचं उत्तम उदाहरण आहे, आणि पनवेल-नवी मुंबईच्या पट्ट्यात ते दूरचं नाही. बोटीवर जाणाऱ्या मुलांची घरं इथे बरीच आहेत आणि आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या बंदरांसाठी त्यांना ही लस घ्यावी लागते. तिच्यानंतरची सौम्य डोकेदुखी आणि कणकण काही दिवसांनी सुरू होऊन पाच ते दहा दिवस रेंगाळू शकते. म्हणून घड्याळ लावण्याआधी लस कोणती, हे विचारायला हवं.

मुख्य प्रश्न: काळजी कधी करायची? याचं उत्तर कोविशील्डनेच आपल्याला फार स्पष्टपणे शिकवलं, आणि ते या विषयातलं माझ्या मते सर्वांत मोलाचं ज्ञान आहे. 2021 च्या मार्च-एप्रिलमध्ये युरोपात, मुख्यतः जर्मनी आणि नॉर्वेतून, एका विचित्र विकाराची वर्णनं आली. लस घेतलेल्या मोजक्या माणसांमध्ये प्लेटलेटमधल्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होत होती. या प्रतिपिंडांमुळे प्लेटलेट पेटून उठत, एकमेकींना चिकटत आणि मेंदूतल्या नीलांमध्ये किंवा पोटातल्या नीलांमध्ये गुठळ्या होत. एकीकडे गुठळी आणि दुसरीकडे प्लेटलेट वापरून संपल्यामुळे त्यांची संख्या घसरलेली, असं हे दुहेरी संकट होतं. या रुग्णांचीही सुरुवातीची तक्रार बहुतेकदा डोकेदुखीचीच होती. मग नेहमीच्या डोकेदुखीतून ती वेगळी कशी काढायची? वेळेवरून. साधी डोकेदुखी पहिल्या दिवशी येते आणि तिसऱ्या दिवसापर्यंत जाते. ही मात्र त्या वेळी अंगात नसतेच; प्रतिपिंडं तयार व्हायला दिवस लागतात, म्हणून ती बहुतेकांत लशीनंतर पाचव्या दिवसापासून महिन्याभरात कधीतरी उगवते आणि दिवसेंदिवस चढत जाते.

भारत सरकारच्या राष्ट्रीय समितीने 17 मे 2021 रोजी आपला अहवाल मांडला. 3 एप्रिलपर्यंत देशात दिलेल्या सुमारे साडेसात कोटी डोसांनंतरच्या गंभीर नोंदींपैकी 498 प्रकरणं बारकाईने तपासली गेली. त्यांतली 26 कोविशील्डनंतरच्या संभाव्य गुठळीची होती. समितीने नोंदींचा दर दहा लाख डोसांमागे 0.61 असा सांगितला. त्याच वेळी ब्रिटनमध्ये हा आकडा चारच्या आसपास आणि जर्मनीत दहाच्या आसपास सांगितला जात होता. आपल्याकडे नोंदी कमी झाल्या की विकारच कमी झाला, यावर मतभेद असू शकतात. दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या असाव्यात असं मला वाटतं. पण त्या अहवालाबरोबर आलेली सूचना नेमकी होती. लशीनंतरच्या वीस दिवसांत सतत आणि तीव्र डोकेदुखी, ओकाऱ्या, अंधुक दिसणं, हातापायात अशक्तपणा, फिट, श्वास लागणं, छातीत किंवा पोटात सतत दुखणं, किंवा टोचलेल्या जागेपासून दूर कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसले तर लगेच कळवा, असं त्यात म्हटलं होतं. अशा माणसाची पहिली तपासणी अगदी साधी असते. प्लेटलेटची संख्या कोणत्याही गावातल्या प्रयोगशाळेत होते. ती खाली आली असेल तर पुढचं सगळं, मेंदूच्या नीलांचा स्कॅन आणि विशेष औषधं, मोठ्या रुग्णालयात करायचं. अशा रुग्णाला नेहमीचं हेपारिन देणं टाळलं जाई, कारण हेपारिनमुळे होणाऱ्या एका जुन्या विकाराशी याचं जवळचं साम्य होतं.

या घड्याळाचा उपयोग 2024 मध्ये पुन्हा दिसला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधल्या खटल्यात अ‍ॅस्ट्राझेनेकाने हा दुर्मिळ विकार होऊ शकतो हे मान्य केल्याच्या बातम्या इथल्या वाहिन्यांवर दिवसभर फिरल्या. तीन वर्षांपूर्वी कोविशील्ड घेतलेली माणसं चिंतेत पडली. त्या आठवड्यात ज्याचं डोकं दुखलं त्याला ते लशीचंच वाटलं. बातमी खोटी नव्हती, पण विकार 2021 मध्येच शास्त्रज्ञांनी वर्णन केलेला होता आणि त्याची खिडकी आठवड्यांची आहे, वर्षांची नाही. तीन वर्षांनी दुखणाऱ्या डोक्याचं कारण चष्म्याच्या नंबरात, रक्तदाबात, झोपेत, नाहीतर महिन्यातून पंधरा-वीस दिवस खाल्लेल्या डोकेदुखीच्याच गोळ्यांत शोधायला हवं. शेवटचं कारण विनोदी वाटतं, पण गोळ्या वारंवार घेतल्यानेच टिकून राहणारी डोकेदुखी हा डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला रीतसर प्रकार आहे.

लशीच्या बाबतीत पनवेलकराने आणखी एका चुकीपासून सावध राहावं, आणि ती गुठळीपेक्षा कितीतरी जास्त वेळा होऊ शकते. पावसाळ्यात या भागात डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो हे तिन्ही असतात. तिन्हींची सुरुवात ताप आणि डोकेदुखीनेच होते. जुलै-ऑगस्टमध्ये कुणी फ्लूची किंवा धनुर्वाताची लस घेतली आणि योगायोगाने त्याच आठवड्यात डास चावून डेंग्यू झाला, तर 'लशीचा ताप आहे' म्हणून तो चार दिवस घरात झोपून राहील. अशा लशींचा ताप सहसा अट्ठेचाळीस तासांनंतर टिकत नाही. टिकला, किंवा एकदा जाऊन परत आला, तर तो दुसऱ्या कशाचा तरी आहे असं धरून रक्त तपासावं. अशा तापात आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मान ताठ होऊन हनुवटी छातीला लागत नसेल, किंवा माणूस भ्रमिष्टासारखं बोलत असेल तर तपासणीची वाट पाहायची नाही, 108 ला फोन करायचा.

आता रक्तदानाकडे येऊ. इथे प्रतिकारशक्तीचा संबंध नाही. इथे पाण्याचा, पोटाचा, झोपेचा आणि चहाचा हिशेब आहे, आणि तो एका उदाहरणाने समजून घेणं सोपं जाईल. हा माणूस मी रचलेला आहे, पण शिबिरात त्याच्यासारखे दिसतात.

तळोज्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा तिशीतला माणूस, वजन 60 किलो, हिमोग्लोबिन 13. 2 ऑक्टोबरची सकाळ, नवीन पनवेलच्या सोसायटीत शिबिर. सात वाजता पाळी सुटली, मित्रांबरोबर तसाच शिबिराला आला. शेवटचं जेवण रात्री नऊला, शेवटचा चहा पहाटे चारला. फॉर्मवर झोपेबद्दल विचारलं तेव्हा त्याने 'झाली' म्हणून टाकलं. राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुरेशी झोप न झालेल्या रात्रपाळीच्या माणसाचं आणि उपाशी माणसाचं रक्त त्या दिवशी घ्यायचं नसतं. तो खरं बोलला असता तर परत पाठवला गेला असता. अकरा वाजता 350 मिलिलिटरची पिशवी भरली. बिस्किटांचा पुडा खिशात टाकला, सरबत अर्धं प्यायला, आणि पाच मिनिटांत उठून ऑक्टोबरच्या उन्हात बाइकवर बसला. घरी जाऊन झोपला. संध्याकाळी सहाला उठला तेव्हा डोकं ठणकत होतं.

किती रक्त गेलं? 60 किलोच्या पुरुषाच्या अंगात साधारण सव्वाचार लिटर रक्त असतं. त्यातले 350 मिलिलिटर म्हणजे बाराव्या हिश्श्याच्या आसपास. त्यातला निम्म्याहून जास्त भाग पाणीच असतं आणि ते शरीर लगेच भरायला लागतं. आजूबाजूच्या ऊतींमधलं पाणी रक्तवाहिन्यांत ओढलं जातं आणि माणूस नीट पाणी पीत असेल तर एक ते दोन दिवसांत रक्ताचं आकारमान पूर्ववत होतं. नीट जेवलेल्या, झोपलेल्या माणसाला यात क्वचितच काही जाणवतं. अमेरिकेत 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक हजार रक्तदात्यांना तीन आठवड्यांनी विचारलं, तेव्हा सर्वांत जास्त सापडलं ते हातावरचं निळं-काळं होणं, त्यानंतर दुखरा हात, मग थकवा आणि भोवळ. डोकेदुखी या वरच्या तक्रारींत नव्हती. म्हणून रक्तदानानंतर डोकं दुखलं की मी आधी पिशवीकडे पाहत नाही, बाकीच्या दिवसाकडे पाहतो.

या माणसाचा बाकीचा दिवस पाहा. रात्री नऊनंतर संध्याकाळपर्यंत पोटात नीट काही नाही, म्हणजे एकवीस तास. वर उल्लेखलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आठ तासांच्या उपवासानंतर येणारी डोकेदुखी हा स्वतंत्र प्रकार मानला आहे. त्यात रात्रभराचं जागरण. त्यात घाम आणि अपुरं पाणी, त्यामुळे गेलेलं पाणी भरून निघण्याचं काम रखडलेलं. आणि त्यात चहा. रोज सहा-सात कप चहा पिणाऱ्याचा मेंदू कॅफीनला सरावलेला असतो. ते थांबलं की डोक्यातल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि साधारण बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं. त्याचा शेवटचा चहा पहाटे चारचा. संध्याकाळी सहाला चौदा तास झाले होते. चहाचं दुखणं ओळखायची सोपी खूण आहे: चहा-कॉफी घेतल्यावर तासाभरात ते ओसरतं. या माणसाने काय करावं? आधी दोन ग्लास पाणी, मग नीट जेवण, त्यानंतर काही वेळाने चहा, आणि रात्री झोप. जेवणाबरोबर चहा नको, कारण चहा अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही, आणि त्याला पुढचे काही महिने लोहाचीच गरज आहे. तरी डोकं राहिलंच तर पॅरासिटामॉल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हे सगळं मिटायला हवं. शिबिराला येण्याआधी त्याने दोन ग्लास पाणी आणि पोहे-चहा घेतला असता तर बहुधा काहीच झालं नसतं. रक्त देण्याआधी अर्धा लिटर पाणी प्यायल्याने भोवळ कमी येते, हे चाचण्यांतूनही दिसलं आहे.

रक्तदानात खरी भीती वेगळ्याच ठिकाणी आहे. रक्त दिल्यावर काही जणांची नाडी आणि रक्तदाब अचानक खाली येतो आणि माणूस कोसळतो. पहिल्यांदा देणारे, तरुण आणि कमी वजनाचे यांत जास्त असतात. बहुतेकदा हे पलंगावर किंवा नाश्त्याच्या टेबलाशी होतं, जिथे धरायला कुणीतरी असतं. पण काहींना ते तासा-दोन तासांनी होतं: उभ्याने प्रवास करताना, गर्दीच्या लोकलमध्ये, गरम पाण्याने आंघोळ करताना. पनवेलहून सीएसएमटीचा प्रवास सव्वा तासाच्या वर असतो; रक्त दिल्याबरोबर त्या गाडीत उभं राहू नये. अशा वेळी कोसळताना डोकं कशावर आपटलं तर मात्र घड्याळ नव्याने सुरू होतं. सुरुवातीला काही वाटत नाही. नंतर काही तासांनी डोकं वाढत्या प्रमाणात दुखतं, ओकाऱ्या होतात, माणूस पेंगुळतो, गोंधळतो, एक बाजू जड पडते. ही रक्तदानाची डोकेदुखी नव्हे, कवटीच्या आत रक्त साचत असल्याची खूण असू शकते. 'रक्त दिलंय, झोपू दे त्याला' हे वाक्य इथे जीवघेणं ठरू शकतं. डोकं आपटलेल्या दात्याला गोळी देऊन झोपवू नका, स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

लस असो वा रक्तदान, काही खुणा सारख्याच आहेत. क्षणात परमोच्च बिंदूला पोचलेली, आयुष्यातली सर्वांत वाईट वाटणारी डोकेदुखी. आडवं झालं, खोकलं किंवा वाकलं की वाढणारी. नजर, बोलणं, हातापायाची ताकद यांत काही बिघडवणारी. यांत वेळ मोजत बसायचं नाही.

आणि एक दुखणं आठवड्यांनी येतं, ज्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. 350 मिलिलिटर रक्तातून, हिमोग्लोबिन 13 धरलं तर, साधारण 155 मिलिग्रॅम लोह जातं. आपलं आतडं अन्नातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषतं आणि त्यातलं बरंचसं रोजच्या झिजेला लागतं. तांबड्या पेशी महिना-दोन महिन्यांत भरतात, लोहाचा साठा भरायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो. पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 120 दिवसांचं किमान अंतर याचसाठी आहे, आणि ते किमान आहे. वर्षाला तीन-चार वेळा देणाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, जिना चढताना धाप, थकवा आणि अधूनमधून जड डोकं जाणवू लागलं तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन 12.5 च्या वर असूनही साठा रिकामा असू शकतो.

लस आणि रक्तदान यांची गाठ एकाच ठिकाणी पडते: कोविड लशीनंतर किती दिवसांनी रक्त द्यायचं. मार्च 2021 मध्ये आधी शेवटच्या डोसनंतर 28 दिवस सांगितले गेले, मे महिन्यात ते प्रत्येक डोसनंतर 14 दिवस केले. मधल्या काळात तरुणांचं लसीकरण सुरू होणार म्हणून 'लशीआधी रक्त द्या' अशी आवाहनं महाराष्ट्रभर झाली. ही मुदत लस घातक आहे म्हणून नव्हती. लशीचा ताप आणि एखाद्या खऱ्या संसर्गाचा ताप यांत गल्लत होऊ नये, आणि संसर्गाचं रक्त रुग्णाच्या अंगात जाऊ नये, यासाठी ती होती.

त्यामुळे शेवटची विनंती दात्यांना. रक्त दिल्यानंतर पुढच्या काही दिवसांत डोकेदुखीबरोबर ताप आला, तर स्वतःची काळजी घेताना रक्तकेंद्रालाही फोन करा. तुमच्या पावतीवर नंबर आणि पिशवीचा क्रमांक असतो. तुमच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणून त्या लवकर वापरल्या जातात. तुमचा फोन त्याआधी पोचला तर ती पिशवी बाजूला ठेवता येते.